हाताने काढलेल्या सर्किटचा फोटो: सिग्नलचा रस्ता नेमका कुठे चुकतो

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. "दादा, डायग्रामप्रमाणंच जोडलंय, पार्ट सगळे नवे आहेत, तरी चालत नाही." सोबत व्हॉट्सअॅपवर एक फोटो: वहीच्या रेघी पानावर पेनानं काढलेलं सर्किट, पान जरा तिरकं, एका कोपऱ्यात ट्यूबलाइटचा पांढरा चट्टा. पार्ट तपासले तर खरोखर चांगले निघतात. सोल्डरिंगही बरं असतं. गडबड झालेली असते ती फोटो वाचताना, आणि तीही ठरलेल्या दोन-तीन जागी. म्हणून एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत सोडवून दाखवतो.

डिप्लोमा करणाऱ्या एका कोल्हापुरी पोरानं गल्लीतल्या भजनी मंडळाच्या सरावासाठी छोटा अॅम्प्लिफायर बनवायला घेतला. नऊ व्होल्टवर चालणारा, कंडेन्सर माइक, पुढे बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, मग एलएम ३८६ आयसी आणि ८ ओहमचा स्पीकर. डायग्राम मामानं काढून दिलेला. मामा जुना टीव्ही मेकॅनिक, हात सराईत, पण कागद त्याच्यापाशीच गडहिंग्लजला राहिला आणि पोराकडे उरला फक्त फोटो. झिरो पीसीबीवर सगळं जोडलं. आवाज आला, पण बारीक आणि फाटका. पोराचा प्रश्न होता, "ट्रान्झिस्टर गेला असेल का?"

ट्रान्झिस्टर बदलण्याआधी फोटोकडे वळायचं.

वहीच्या रेघा आणि तारा वेगळ्या करणं

रेघी पानावर आडवी तार बहुतेक वेळा छापील रेघेवरच काढली जाते, कारण हात आपोआप तिथं जातो. डोळ्यासमोर कागद असला की शाईची रेघ आणि छापील रेघ यांतला फरक लगेच कळतो. व्हॉट्सअॅपनं फोटो दाबून लहान केला की दोन्ही करड्या होतात. मग तार जिथं थांबली तिथून पुढे छापील रेघ सुरू राहते आणि वाटतं, तार पलीकडच्या पार्टपर्यंत गेली आहे. कंडेन्सरच्या दोन पट्ट्यांपैकी एक पट्टी रेघेवर आली तर ती चक्क नाहीशी होते.

पहिली गोष्ट, फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवायचा, म्हणजे तो दाबला जात नाही. पुन्हा काढणं शक्य असेल तर दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, बरोबर वरून काढायला सांगायचं. पानाखाली काळा कागद ठेवला तर मागच्या बाजूची शाई कमी उमटते.

इथं मामानं काळ्या पेनानं काढलं होतं, हे नशीब. छापील रेघा निळ्या, पेन काळा असं असेल तर फोटोतला फक्त निळा भाग वेगळा काढायचा. निळी रेघ त्यात जवळपास कागदाइतकीच उजळ होते आणि काळी शाई काळीच राहते. संगणकावर इमेजमॅजिक असेल तर एका ओळीचं काम आहे:

```
magick photo.jpg -channel B -separate saf.png
```

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. डावीकडची लाल-गुलाबी समासाची रेघ यात उलट जास्त गडद होते, तिला तार समजू नका. आणि पेन निळा असेल तर रेघांबरोबर सर्किटही पुसट होतं, तेव्हा हा उपाय उपयोगाचा नाही.

आधी सप्लाय आणि ग्राउंड

बहुतेक जण माइकवर बोट ठेवतात आणि तारेमागं तार धरत निघतात. तिसऱ्या पार्टपाशी फाटा फुटला की अडकतात, कारण एकाच जागेहून एक तार वर सप्लायला जाते, एक पुढे जाते आणि एक खाली. यातली सिग्नलची कुठली हे नुसतं बघून कळत नाही.

उलट बाजूनं सुरुवात केली की काम हलकं होतं. फोटोची प्रिंट काढायची. लाल पेन्सिलनं सप्लायला थेट भिडलेल्या सगळ्या तारा रंगवायच्या, हिरव्यानं ग्राउंडच्या. कुठलाही पार्ट आला की तिथं रंग थांबवायचा. या सर्किटमध्ये हिरव्यात येतात माइकचं एक टोक, ट्रान्झिस्टरचा एमिटर, व्हॉल्यूमचं खालचं टोक, आयसीची २ आणि ४ नंबरची पिन, स्पीकरचं एक टोक आणि त्याच्या अलीकडच्या रेझिस्टन्सचं खालचं टोक. लालमध्ये दोन रेझिस्टन्सची वरची टोकं आणि आयसीची ६ नंबरची पिन. तारांचे जे तुकडे कोरे राहिले, त्यांतूनच सिग्नल जाणार. दुसरीकडून जायला त्याला जागाच नाही.

या कोऱ्या तुकड्यांना नावं द्यायची. मध्ये पार्ट न येता तारेनं जे जे एकमेकांना भिडलंय ते सगळं मिळून एक नोड. तार कितीही लांब असो, वळणं घेत गेलेली असो, नोड एकच. पार्टना नंबर देताना डावीकडून उजवीकडे जायचं: रेझिस्टन्सला R, कंडेन्सरला C, ट्रान्झिस्टरला Q, आयसीला U, व्हॉल्यूमला RV. काढणाऱ्यानं स्वतःचे नंबर टाकलेले असतील तर त्यांना हात लावू नका, नाहीतर पुढे फोनवर बोलताना एकाच नावाचे दोन पार्ट होतात.

मग चित्र बाजूला ठेवून यादी लिहायची. या फोटोची यादी अशी झाली:

```
MIC  N1   GND
R1   VCC  N1   4k7
C1   N1   N2   1u
R2   ?    N2   1M
R3   VCC  N3   4k7 / 47k ?
Q1   C=N3 B=N2 E=GND
C2   N3   N4   1u
RV1  N4   W=N5 GND   10k
U1   2=GND 3=N5 4=GND 5=N6 6=VCC
C3   N6   N7   220u
SPK  N7   GND
C4   N6   N8   47n
R4   N8   GND  10 ?
```

सिग्नलचा रस्ता आता यादीतूनच वाचता येतो: N1, N2, ट्रान्झिस्टर, N3, N4, व्हॉल्यूमच्या मधल्या टोकानं N5, आयसी, N6, N7, स्पीकर. N8 हा रस्त्यात येत नाही. C4 आणि R4 ही आउटपुटवरून ग्राउंडला गेलेली बोळकांडी आहे, तिच्यातून स्पीकरकडे काही जात नाही. पोरानं मात्र ती मुख्य रस्त्यात धरली होती, कारण मामानं ती आयसी आणि स्पीकर यांच्या मधोमध काढलेली.

यादीचा आणखी एक फायदा. प्रत्येक नोडचं नाव निदान दोनदा आलं पाहिजे. एखादं नाव एकदाच आलं असेल तर तिथं एक तार तुम्हाला दिसलेली नाही. बहुतेक वेळा ती पानाच्या घडीत सापडते.

यादीत प्रश्नचिन्हं तीन राहिली. त्याआधी एक शंका मात्र यादी लिहितानाच मिटवावी लागली.

ठिपका की नुसती ओलांडणी

मामानं आयसीचा त्रिकोण काढून डाव्या बाजूला वर २ नंबरची पिन आणि खाली ३ नंबरची पिन घेतली. नंबराच्या क्रमानं ते साहजिक आहे. पण २ नंबरला ग्राउंडला जायचंय, म्हणजे तिची तार खाली येताना ३ नंबरच्या सिग्नलच्या तारेला आडवी जाणारच. फोटोत त्या जागी काळा डाग दिसतो. जोड दाखवणारा ठिपका, की पेन क्षणभर थांबल्याची शाई?

डाग कितीही मोठा करून बघितला तरी उत्तर मिळत नाही, कारण जवळ जाल तसे नुसते चौकोन दिसू लागतात. त्यापेक्षा दोन्ही शक्यता यादीत लिहून बघा. जोड धरला तर N5 आणि GND एकच होतात. मग व्हॉल्यूमचं मधलं टोक थेट ग्राउंडला आणि आयसीच्या दोन्ही इनपुट पिनाही ग्राउंडला. असं सर्किट कितीही नीट जोडलं तरी मुकंच राहणार, आणि मुकं सर्किट कुणी मुद्दाम काढून देत नाही. तेव्हा ती ओलांडणी आहे. जिथं सिग्नलचा नोड मध्ये पार्ट न येता सप्लाय किंवा ग्राउंडमध्ये मिसळताना दिसतो, तिथं आधी आपल्या वाचण्यावर संशय घ्यायचा.

जाता जाता, ३८६ च्या २ आणि ३ नंबरच्या पिना एकमेकींच्या जागी गेल्या तरी हा अॅम्प्लिफायर वाजतो, फक्त लहर उलटी होते. त्यामुळे फोटोत २ आणि ३ हे आकडे पुसट असतील तर त्यापायी झोप घालवायची गरज नाही. ५ आणि ६ मात्र नक्की करून घ्या, कारण एक आउटपुट आहे आणि दुसरी सप्लाय.

R2 चं वरचं टोक

फाटक्या आवाजाचं मूळ इथं आहे. R2 बेसपासून वर निघतो आणि R3 च्या शेजारून जातो. वर पोचल्यावर उजवीकडे वळतो. फोटोत त्या वळणावरच एक छापील रेघ आलेली आणि ट्यूबलाइटचा चट्टाही तिथंच. टोक R3 च्या खाली कलेक्टरला भिडतं, की R3 च्या वर सप्लायच्या तारेला? पोरानं सप्लाय धरला. नजरेला तेच सरळ वाटतं, कारण R2 आणि R3 मग दोन खांबांसारखे शेजारी उभे राहतात.

बायसिंगच्या दोन्ही पद्धती चालतात, पुस्तकात दोन्ही सापडतात. त्यामुळे 'असं असतं का' या प्रश्नानं निकाल लागणार नाही. आकडे घालून बघायला हवं. बीसी ५४७ बी चा करंट गेन २०० ते ४५० च्या दरम्यान असतो, आपण २५० धरू. R3 साठी सध्या ४.७ के. कलेक्टरला जोडलेला R2 धरला तर:

```
Ib = (9 - 0.65) / (1M + 251 × 4.7k) ≈ 3.8 µA
Vc = 0.65 + 3.8 µA × 1M ≈ 4.5 V
```

कलेक्टर बरोबर सप्लायच्या निम्म्यावर बसला. लहरीला वर जायलाही जागा आहे आणि खाली यायलाही. गेन २०० निघाला तर कलेक्टर ४.९ व्होल्टवर, ४५० निघाला तर ३.३ वर. म्हणजे कुठलाही ट्रान्झिस्टर उचलला तरी काम भागतं.

आता पोरानं वाचलं तसं, R2 सप्लायला. बेसमध्ये ८.३५ मायक्रोअँपिअर जाणार. अडीचशेच्या गेननं कलेक्टरला २.१ मिलिअँपिअर हवा. पण ९ व्होल्टवर ४.७ के मधून जास्तीत जास्त १.९ मिलिअँपिअरच येऊ शकतो. ट्रान्झिस्टर पूर्ण उघडून बसतो आणि कलेक्टर जेमतेम ०.१-०.२ व्होल्टवर पडतो. तिथून लहरीला खाली जायला जागाच नाही. वर जायला लागते तीही बेसचा करंट बराच उतरल्यावर, म्हणजे मोठ्या आवाजाची अर्धीच लहर पुढे जाते. बारीक आणि फाटका, हे वर्णन अगदी जुळलं.

गंमत म्हणजे R2 ची किंमतच साक्ष देते. कलेक्टरहून परत येणाऱ्या रेझिस्टन्ससाठी ढोबळ हिशोब असा की तो गेन गुणिले R3 इतका असावा. २५० गुणिले ४.७ के म्हणजे जवळपास १.२ मेग. मामाचा १ मेग त्याच घरातला. सप्लायला जोडायचा असता तर त्याच्या दुप्पट, २.२ मेगच्या आसपास काहीतरी लिहिलेलं दिसलं असतं.

४७ की ४.७

R3 च्या आकड्यातला पॉइंट छापील रेघेत बुडाला होता. R1 वर तो स्पष्ट दिसत होता, म्हणून R3 सुद्धा ४.७ असेल असा अंदाज होता, पण शेजारचा तसा म्हणून हाही तसा, एवढ्यावर थांबू नये. हाच हिशोब ४७ के घालून केला तर कलेक्टर १.३ व्होल्टवर येतो. निम्म्यापासून फार लांब. शिवाय पुढे १० के चा व्हॉल्यूम आहे, त्याच्या आधी ४७ के चा कलेक्टर रेझिस्टन्स कुणी अनुभवी माणूस सहसा घालणार नाही. तेव्हा ४.७.

ही चूक कानानं मात्र पकडता येत नाही, म्हणून जास्त त्रास देते. ४७ के घातला तर या सर्किटमध्ये आवाज थोडाच कमी होतो, कारण ट्रान्झिस्टरचा गेन घटतो पण माइकवरचा त्याचा भारही हलका होतो. माणूस म्हणतो, 'चालतंय की.' मीटरवर १.३ दिसतात तेव्हा उलगडा होतो. बोर्डावर लागलेला रेझिस्टन्स पट्ट्यांवरून ओळखता येतो: पिवळा, जांभळा, लाल म्हणजे ४.७ के आणि पिवळा, जांभळा, नारिंगी म्हणजे ४७ के. पोराच्या बोर्डावर लाल होता, म्हणजे तिथं तो अंदाजानं का होईना बरोबर होता.

स्वतः डायग्राम काढत असाल तर पॉइंट देऊच नका, 4k7 असं लिहा. अक्षर पॉइंटसारखं हरवत नाही.

याच हिशोबातून इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरची दिशाही मिळते. फोटोतलं अधिकचं चिन्ह पुसलेलं असलं तरी जो नोड जास्त व्होल्टवर, तिकडे अधिकचं टोक. C1 चं माइककडे, C2 चं कलेक्टरकडे, C3 चं आयसीकडे.

बोर्डावर खात्री

कागदावर निकाल लागला तरी काम संपलं असं कुणी समजू नये, म्हणून मीटर. काळी सुई ग्राउंडला, लाल सुई आधी आयसीच्या ५ नंबरच्या पिनवर. सप्लायच्या साधारण निम्मे, म्हणजे साडेचारच्या आसपास दिसले, तर आयसी जागेवर आहे. मग लाल सुई ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर. पोरानं फोनवर आकडा वाचला: ०.१४. हिशोब सांगत होता तेच.

मीटर नसेल तर बोट चालतं. व्हॉल्यूम अर्धा ठेवून N4 ला, म्हणजे व्हॉल्यूमच्या वरच्या टोकाला, ओलसर बोट लावायचं. स्पीकरमधून गुंऽऽ आलं तर तिथून पुढचं सगळं ठीक आणि दोष मागं, ट्रान्झिस्टरच्या बाजूला. हे फक्त बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटवर करायचं. मेन्सच्या सप्लायवर चालणाऱ्या उघड्या बोर्डाला बोट लावायचं नाही.

एक गोष्ट कुठल्याच डायग्रामवर नसते, ती म्हणजे ट्रान्झिस्टरचे पाय. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. तशाच दिसणाऱ्या २एन३९०४ मध्ये क्रम उलटा असतो, डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. दुकानदारानं 'हा पण तोच चालतो' म्हणून दुसरा दिला असेल तर पाय आधी बघा. आणि हस्ताक्षरात ५४७ आहे की ५५७ हे कळत नसेल तर एमिटरची जागा बघा. सप्लाय अधिकचा, एमिटर ग्राउंडला आणि कलेक्टर रेझिस्टन्समधून सप्लायला, म्हणजे एनपीएन, म्हणजे ५४७.

पोरानं R2 चा एक पाय सोडवून कलेक्टरवर नेला. आकडा आला ४.२. आवाज मोकळा झाला.

राहिला R4, म्हणजे तिसरं प्रश्नचिन्ह. फोटोत '10' नंतर जे अक्षर आहे ते R ही असू शकतं आणि K ही. पोरानं १० के लावला होता. आवाज सुधारल्यावर त्याला वाटलं, हाही बरोबरच असणार. पण ही बोळकांडी असते ती आयसी कानाला न ऐकू येणाऱ्या उंच फ्रिक्वेन्सीवर स्वतःच कंप पावू नये म्हणून, आणि त्यासाठी तिथं १० ओहमच लागतात. १० के घातला तर ती असून नसल्यासारखी. माइक शांत असताना आयसी गरम होतो का, एवढं त्याला बघायला सांगितलं. होत होता, बोट ठेवून कळण्याइतका. तपकिरी, काळा, नारिंगी काढून तपकिरी, काळा, काळा लावला आणि तापणं थांबलं.